एसटीएमच्या चित्रात दर उन्हाळ्यात येणाऱ्या लाटा: विजेच्या की हादऱ्याच्या?

होळी झाली की आमच्या प्रयोगशाळेतलं एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, रुसून बसतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ग्राफाइटचे अणू बऱ्यापैकी दिसतात. मार्च लागला की त्याच ग्राफाइटवर, त्याच सेटिंगला, चित्रभर तिरप्या लाटा. सलग तीन वर्षं हेच झालं. पहिल्या वर्षी आम्ही पृष्ठभाग चाचपणारी टोकं बदलली, दुसऱ्या वर्षी ग्राफाइट बदललं, आणि दोन्ही वर्षी जुलैत पाऊस पडल्यावर लाटा आपोआप गेल्या. त्यामुळे "उन्हानं मशीन तापते जी" हे आमच्या लॅबमधल्या काकांचं निदान कायम राहिलं. निदान चुकीचं होतं, पण उन्हाळ्यावरचा त्यांचा संशय बरोबर निघाला.

तालुक्याच्या गावातलं आमचं कॉलेज आहे. एका अंगाला जिनिंग, मागच्या भिंतीपलीकडे पिठाची चक्की, आणि खाली काळी कापसाची जमीन. यंत्र टेबलावर ठेवायचं, उघड्या हवेत चालणारं, शिकवण्यापुरतं. ज्यांच्याकडे असंच छोटं यंत्र आहे आणि असाच त्रास आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लाटा नेमक्या कुठून येतात हे ओळखायची खूण याच यंत्राच्या मूळ तत्त्वात आहे. आम्हाला ती सापडायला तीन उन्हाळे गेले.

आधी फसगतीची गोष्ट

तिसऱ्या वर्षी एमएस्सीच्या पोरांनी धावत येऊन सांगितलं, "सर, अणू आले!" पडद्यावर ४ नॅनोमीटर रुंदीचं चित्र होतं आणि त्यात सुबक उभ्या ओळी, मोजून १६. दोन ओळींत ०.२५ नॅनोमीटर. ग्राफाइटच्या जाळीचं अंतर ०.२४६. मीही खूश झालो. मग लक्ष गेलं ते टोकाच्या स्थितीकडे. टोक पृष्ठभागापासून केव्हाच मागे घेतलेलं होतं. म्हणजे यंत्र काहीच न चाचपता अणू दाखवत होतं.

हिशोब साधा निघाला. टोक आडवं सरकत चित्र रेघेरेघेने काढतं, आणि एक रेघ ओढायला ०.३२ सेकंद लावले होते. घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ०.३२ सेकंदात १६ हेलकावे. ४ नॅनोमीटरमधे १६ लाटा म्हणजे लाटेमागे ०.२५ नॅनोमीटर. विजेची गुणगुणच अणूंचं सोंग घेऊन आली होती. रेघ जायला ०.३२ आणि परत यायला ०.३२ सेकंद, म्हणजे दोन रेघांमधे बरोबर ३२ हेलकावे. म्हणून प्रत्येक रेघेतली लाट वरच्या रेघेतल्या लाटेखाली नेमकी येऊन बसली आणि उभ्या ओळी तयार झाल्या. विजेची वारंवारिता ५० च्या जराशी इकडेतिकडे सरकते, तेव्हा याच ओळी तिरप्या होतात.

तेव्हापासून पहिला नियम असा: रेघेचा वेळ बदलून पाहा. वेळ निम्मा केला तर खरे अणू जिथे आहेत तिथेच राहतात, गुणगुणीच्या लाटा मात्र निम्म्या होतात. शिवाय खऱ्या ग्राफाइटमधे ओळी तीन दिशांनी जुळतात, कारण एसटीएमला साधारणपणे एकाआड एक अणू ठळक दिसतो आणि त्यांची त्रिकोणी जाळी बनते. एकाच दिशेच्या पट्ट्या दिसल्या तर शंका घ्यावी.

रेघेत किती लाटा बसल्या आणि रेघेला किती वेळ लागला, यावरून वारंवारिता मिळते. आमच्या चित्रात टोक पृष्ठभागाजवळ असताना दोन प्रकारच्या लाटा एकमेकींवर चढलेल्या होत्या. एक ५० हर्ट्झची. दुसरी २३-२४ च्या आसपासची. दोन्ही मार्चमधेच येतात म्हणून आम्ही त्यांना एकच रोग समजत होतो, आणि एकावर केलेला उपाय दुसरीमुळे वाया जात होता.

करंट आणि अंतर

पुढची चाचणी कळायला यंत्र काय करतं ते थोडं बघावं लागेल. धातूचं अणकुचीदार टोक पृष्ठभागाच्या इतकं जवळ नेतात की मधे नॅनोमीटरपेक्षाही कमी फट उरते. टोक कुठेही टेकत नाही, तरी थोडा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन ती फट ओलांडतात. यालाच टनेलिंग करंट म्हणतात. फट वाढली की हा करंट घातांकी वेगाने कोसळतो:

```
I = A · V · exp(−2κd)
κ = 5.12 · √φ   (κ: 1/nm, φ: eV)
```

`I` म्हणजे करंट, `A` हा स्थिरांक, `κ` म्हणजे करंट किती झपाट्याने कोसळतो त्याचं माप, `d` म्हणजे फट, `V` म्हणजे टोक आणि नमुना यांच्यातला विद्युतदाब, आणि `φ` म्हणजे इलेक्ट्रॉनला धातूतून सुटण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा अडथळा. स्वच्छ धातूसाठी तो ४ ते ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो. ४ धरला तर `2κ` येतो सुमारे २०.५. म्हणजे फट ०.१ नॅनोमीटरनं वाढली की करंट जवळपास आठ पटींनी घटतो. ०.०१ नॅनोमीटरनं वाढली, जे अणूच्या आकाराच्या वीसाव्या-तीसाव्या हिश्शाइतकं आहे, तरी करंट एकोणीस टक्क्यांनी उतरतो.

याच उतारामुळे बोथट तारेच्या टोकानंही अणू दिसतात. आम्ही प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार कात्रीने ताण देत तिरपी कापतो. ती टोकाशी कितीही ओबडधोबड असली तरी सगळ्यात पुढे आलेला एखादाच अणू असतो. त्याच्या मागे ०.२५ नॅनोमीटरवर असलेल्या अणूतून जाणारा करंट पुढच्याच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. मागच्या गर्दीचं काही चालत नाही, सगळा कारभार पुढच्या एका अणूचा.

पृष्ठभागाचा नकाशा असा बनतो: तुम्ही यंत्राला सांगता की करंट १ नॅनोअँपिअर ठेव. हा सेटपॉइंट. टोक आडवं सरकताना खाली उंचवटा आला की फट कमी होऊन करंट उसळतो. फीडबॅक, म्हणजे करंटवर नजर ठेवणारं सर्किट, लगेच पायझोला, म्हणजे विद्युतदाब दिला की किंचित लांबी बदलणाऱ्या तुकड्याला, दाब देऊन टोक वर उचलतो आणि करंट पुन्हा १ वर आणतो. खोलगट जागा आली की उलट. टोक किती वरखाली झालं ते प्रत्येक बिंदूवर नोंदवलं की उंचीचा नकाशा तयार. ग्राफाइटचा एक थर संपून खालचा सुरू होतो तिथे ०.३३५ नॅनोमीटरची पायरी दिसायला हवी. आमचा पायझो नीट मोजतो आहे का, हे आम्ही त्या पायरीवरूनच तपासतो.

आता दोष इथे शिरतो. करंट उसळला की यंत्र एवढंच समजतं की फट कमी झाली. उसळी अणूमुळे आली, चक्कीच्या धक्क्याने आली की वायरमधे घुसलेल्या ५० हर्ट्झमुळे, हे त्याला कळत नाही. तिन्हींची नोंद ते उंची म्हणूनच करतं.

सेटपॉइंटची चाचणी

हादरा आणि विजेची गुणगुण यांत एक मोठा फरक आहे. हादरा फट बदलतो, आणि फट घातांकात बसलेली आहे. त्यामुळे हादऱ्याने होणारा बदल करंटच्या ठरावीक टक्क्यांत असतो. करंट दुप्पट केला की लाटही दुप्पट. बाहेरून वायरमधे घुसलेली वीज मात्र करंटमधे वरून मिसळते. करंट अर्धा नॅनोअँपिअर असो की दोन, तिची लाट तेवढीच.

चाचणी करताना फीडबॅकचा गेन, म्हणजे करंट बदलला की तो टोक किती जोराने हलवतो ते, एवढा कमी करा की सरासरी करंट टिकेल, पण फीडबॅक २०-५० हर्ट्झच्या लाटांमागे धावणार नाही. स्कॅनिंग थांबवा, टोक एका जागी धरा आणि करंटचा आलेख बघा. गेन कमी न करता केलं तर फीडबॅक लाटेचा मोठा भाग गिळतो आणि आकडे फसवतात. आम्ही पहिल्यांदा हीच चूक केली.

आमचे आकडे, लाटेच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत मोजलेले: ५० हर्ट्झची लाट सेटपॉइंट ०.५ असताना ०.१२ नॅनोअँपिअर, १ असताना ०.१२, आणि २ असतानाही ०.१२. टोक मागे घेतलं, तरी ०.१२. संशयाला जागाच नव्हती, ही बाहेरून मिसळलेली वीज. दुसरी, २३-२४ हर्ट्झची लाट, सेटपॉइंटबरोबर चढत गेली: ०.१, मग ०.२, मग ०.४. टोक मागे घेतलं की गायब. हा हादरा.

आकारावरूनही अंदाज येतो. हादरा मोठा असेल तर लाटेचे माथे टोकदार आणि पायथे पसरट होतात, कारण टोक जवळ येताना करंट जितका उसळतो तितका दूर जाताना उतरू शकत नाही. शून्याखाली तर तो जाणारच नाही. विजेची घुसखोरी वरखाली सारखी असते. काका नुसता आलेख बघून म्हणाले, "हे डोंगरावानी हाय, अन् ते झोक्यावानी." त्यांचं वर्गीकरण माझ्या टक्केवारीइतकंच बरोबर होतं.

एक खाचखळगा मात्र सांगून ठेवतो. टोक आणि नमुन्यातल्या दाबातच गुणगुण असेल तर तिची लाटही करंटच्या टक्क्यांत येते, कारण करंट `V` च्याही प्रमाणात आहे. तीही टोक मागे घेतल्यावर जाते. ती हादऱ्यासारखी वागते आणि माणूस टेबलाखाली रबर कोंबत बसतो. वेगळं ओळखायचं तर सेटपॉइंट तोच ठेवून दाब वाढवा, समजा ५० मिलिव्होल्टवरून २००. गुणगुण दाबात असेल तर तिचा हिस्सा चौथाईवर येईल. हादरा असेल तर फारसा फरक पडणार नाही. आमच्या २४ हर्ट्झच्या लाटेत फरक पडला नाही.

आणि गेन फार चढवला असेल तर फीडबॅक स्वतःच थरथरू लागतो. ती लाट गेन उतरवल्याबरोबर मरते, म्हणून ती सगळ्यांत आधी वगळावी.

हादरा किती मोठा?

१ नॅनोअँपिअरवर ०.२ ची लाट म्हणजे वीस टक्के. पुस्तकातला `2κ`, म्हणजे २०.५, धरला तर फट माथ्यापासून पायथ्यापर्यंत ०.०१ नॅनोमीटर हलत होती असं येतं. इथे थांबलो असतो तर हादरा चौपट कमी मानला असता.

कारण हवेत चालणाऱ्या यंत्रात पुस्तकातला उतार मिळत नाही. तो स्वतःच मोजावा लागतो, आणि मोजायला सोपा आहे. फीडबॅक क्षणभर थांबवायचा, पायझोने टोक थोडं थोडं मागे न्यायचं आणि करंट नोंदवत जायचं. करंटचा लॉगॅरिदम घेऊन अंतराशी आलेख काढला की सरळ रेघ येते, तिचा उतार म्हणजे `2κ`. गेर्ड बिनिंग आणि हाइनरिश रोरर यांच्या झुरिकच्या गटाने १९८१ मधे आपण खरोखर टनेलिंगच बघतो आहोत हे याच घातांकी उतारावरून दाखवलं होतं. नकाशे त्यानंतरचे, आणि नोबेल १९८६ मधलं.

आमच्याकडे टोक ०.२ नॅनोमीटर मागे नेल्यावर करंट १ वरून ०.३७ वर आला. म्हणजे `2κ` फक्त ५, आणि सूत्रात घातलं तर `φ` येतो पाव इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही थोडा कमी. असा धातू नसतो. खरं कारण घाण. हवेत उघड्या पडलेल्या ग्राफाइटवर आणि टोकावर ओलावा आणि तेलकट पदार्थांचा थर बसतो. टोक त्या थरातून पृष्ठभागाला दाबत असतं. टोक ०.२ नॅनोमीटर मागे घेतलं तरी दबलेला पृष्ठभाग वर फुगतो आणि खरी फट त्याच्या चौथाईनेच वाढते. म्हणून उतार मंद दिसतो. हेच दबणं ग्राफाइटच्या अणूंची उंची कधीकधी अवास्तव मोठी दाखवतं. पोरं खूश होतात, पण ती उंची खरी नसते.

आता स्वतःचा उतार वापरून हिशोब: ०.२ भागिले ५, म्हणजे टोक आणि नमुना एकमेकांच्या तुलनेत ०.०४ नॅनोमीटर हलत होते. अणूंचा उंचसखलपणा काही शतांश नॅनोमीटरच असतो. लाटांत अणू बुडतील नाही तर काय.

चिकटपट्टीने ग्राफाइटचा वरचा थर सोलला, टोक नवं कापलं आणि पुन्हा मोजलं तर करंट ०.१ नॅनोमीटरमधेच ०.३७ वर आला. `2κ` दहा, `φ` एकच्या थोडा खाली. हवेत आम्हाला एवढंच मिळतं, चार-पाच मिळवायचे तर अतिनिर्वात लागतो. गंमत अशी की उतार सुधारल्यावर तोच हादरा करंटमधे दुप्पट मोठा दिसू लागला. नमुना स्वच्छ केल्यावर लाटा वाढल्या म्हणून घाबरू नये. फीडबॅक लावून उंचीच्या चित्रात पाहिलं तर तो तितकाच असतो.

५० हर्ट्झ: आटलेला अर्थिंगचा खड्डा

टोकापासून अँप्लिफायरपर्यंतची तार किती नाजूक आहे याचा मला अंदाज नव्हता. २३० व्होल्टची एखादी वायर आणि ही तार यांच्यात पिकोफॅरडच्या शंभराव्या भागाइतकी धारिता असली, तरी त्यातून सुमारे ०.७ नॅनोअँपिअर करंट शिरतो. आपला सेटपॉइंटच १ चा. म्हणून त्या तारेभोवतीचं आवरण आणि यंत्रावरचं धातूचं झाकण खरोखर जमिनीशी जोडलेलं असावं लागतं.

आमचं जोडलेलं होतं. जमीनच आटली होती. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला बोटभर भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पट्टीपासून ती सुटते. कोरड्या मातीतून वीज तशीही नीट जात नाही. वायरमन भाऊंनी न्यूट्रल आणि अर्थिंगमधे मल्टिमीटर लावला तर ९ व्होल्ट. खड्ड्याचं झाकण उघडून पाहिलं, आत मीठ-कोळशाचा नुसता भुगा. भाऊ म्हणाले, "याले पाणी कोणं टाकलं होतं कायले? दिवाळीपासून तसाच हाय हा." दहा बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. व्होल्टेज २ वर आलं आणि ५० हर्ट्झची लाट ०.१२ वरून ०.०३ वर. पावसाळ्यात लाटा आपोआप का जायच्या, त्याचं अर्धं उत्तर मिळालं.

उरलेल्यातली बरीचशी लॅपटॉपच्या चार्जरची निघाली. दोन पिनांचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की ती आणखी उतरली. हे पाच सेकंदांत तपासता येतं, म्हणून खड्डा उकरण्याआधी हेच करा. मी क्रम उलटा केला.

गुणगुण घालवायला कुणीकुणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. लाट कधीकधी जातेही. पण मग यंत्राच्या पेटीत दोष आला तर ती वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. ते करू नये.

२४ हर्ट्झ: चक्की की कूलर?

५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे मारते, म्हणजे सेकंदाला २४. आमचा सगळ्यांचा रोख चक्कीवर. चक्कीवाल्या भाऊंना विनंती केली, त्यांनी दोन मिनिटं मोटर बंद ठेवली. लाट ०.२ वरून ०.१७ वर आली, बस. एवढ्यासाठी त्यांच्या दारात गिऱ्हाईकं खोळंबली, याचं वाईट वाटलं.

मग काकांनी न सांगता खोलीतला कूलर बंद केला. लाट ०.०३ वर.

कूलरच्या पंख्याची मोटरही चार ध्रुवांचीच, फेरे थोडे कमी. आमच्याकडचं पाणी जड, त्यामुळे एका पात्यावर क्षारांचा पांढरा थर चढला होता आणि पंखा एकांगी झाला होता. कूलरचं स्टँड खिडकीच्या भिंतीत ठोकलेलं, त्याच भिंतीत कडाप्प्याचा ओटा बसवलेला, आणि त्या ओट्यावर आमचं एसटीएम. कूलर मार्चमधे सुरू होतो आणि पाऊस पडला की बंद. पावसाळ्याच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग हा.

कूलर बंद ठेवून काम करता येत नाही, कारण मग दुपारी खोली तापत जाते आणि टोक-नमुना एकमेकांपासून सरकत राहतात. पाती खरवडून साफ केली, कूलर भिंतीपासून सोडवून बाहेर जमिनीवर लोखंडी घोडीवर ठेवला. त्यानंतरही जे उरलं त्यासाठी ओट्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब, अर्धवट हवा भरून, आणि तिच्यावर जड शहाबादी फरशी. यंत्र फरशीवर.

ट्यूबमधे किती हवा भरायची? आधार जितका मऊ तितकी डुलण्याची वारंवारिता कमी, आणि तिच्या बऱ्याच वरचे हादरे तितके जास्त गाळले जातात. वजनाने आधार अडीच सेंटिमीटर दबत असेल तर डुलणं सेकंदाला साधारण तीनदा होतं, आणि २४ हर्ट्झचा हादरा सुमारे पन्नासाव्या-साठाव्या भागावर येतो. हवेची ट्यूब स्प्रिंगसारखी सरळ वागत नाही, त्यामुळे हा अंदाजच. खरी वारंवारिता मोजायला फरशी दाबून सोडली आणि मोबाइलवर स्लो मोशनमधे चित्रीकरण केलं. चारच्या आसपास आली. थोडी हवा सोडली. फार सोडली तर फरशी ओट्याला टेकते आणि सगळं मुसळ केरात जातं, ते एकदा झालंच.

वरून जर्मनचा मोठा गंज पालथा घातला. पंख्याचा वारा आणि आवाज त्याने अडतो, आणि गंजाला यंत्राच्या अर्थिंगची तार जोडली की विजेचंही आवरण होतं. घरून गंज आणला म्हणून काही दिवस बोलणी खावी लागली.

आता १ नॅनोअँपिअरवर कूलर आणि चक्की दोन्ही चालू असताना २४ हर्ट्झची लाट आलेखाच्या नेहमीच्या खरखरीत शोधूनही सापडत नाही. गेल्या एप्रिलमधे, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, पोरांना तीन दिशांच्या ओळी दिसल्या. रेघेचा वेळ निम्मा केला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

एक त्रास मात्र नव्याने आला आहे. मऊ आधार २४ हर्ट्झ गाळतो, पण तीनचारच्या आसपासचे धक्के उलट वाढवतो. कुणी दार आपटलं की फरशी बराच वेळ डुलत राहते आणि चित्रात पाचसहा रेघा वाकड्या येतात. ट्यूब आणि फरशीच्या मधे जुन्या गोधडीची घडी घातली तर डुलणं लवकर थांबतं, पण थोडा २४ हर्ट्झ परत येतो. सध्या अर्धी घडी ठेवली आहे, आणि दाराला कापूस बांधला आहे.